ट्रिगमधलं आधी काय करायचं

“ताई, सीईटी आणि जेईईला ट्रिगमधलं नक्की काय येतं? सगळं करत बसायला वेळ नाहीये.”

आधी इनव्हर्स ट्रिग कर, आणि त्यातही प्रिन्सिपल व्हॅल्यूची रेंज. मग समीकरणाला दिलेल्या अंतरात किती उत्तरं आहेत ते मोजायला शिक. कंपाउंड आणि मल्टिपल अँगलचे फॉर्म्युले त्यानंतर, पण ते कॅल्क्युलसच्या गणितांसोबत. त्रिकोणाचे नियम मुख्यतः सीईटीसाठी. आपल्याकडे बारावीला पोचलेलं प्रत्येक भावंड मला हेच विचारतं, आणि क्रम ऐकून झाला की फॉर्म्युल्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ करायला बसतं. म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते. फॉर्म्युले बहुतेकांना येत असतात. मार्क जातात ते कोन कुठल्या अंतरात आहे हे न बघितल्यामुळे.

हे गणित कर: tan⁻¹2 + tan⁻¹3 किती? फॉर्म्युला तुला पाठ आहे. वर 2 + 3, खाली 1 − 6, म्हणजे −1, आणि tan⁻¹(−1) म्हणजे −π/4. पर्यायांत −π/4 असतोच, त्यामुळे पोरं खूण करून पुढे जातात. आता जरा थांबून बघ. tan 45° म्हणजे 1. 2 आणि 3 दोन्ही 1 पेक्षा मोठे, म्हणजे दोन्ही कोन 45° च्या वरचे. मग त्यांची बेरीज 90° च्या वर जाणार, ऋण येईलच कशी? खरं उत्तर 3π/4. tan⁻¹x + tan⁻¹y चा तो फॉर्म्युला xy < 1 असेल तेव्हाच जसाच्या तसा चालतो. x आणि y दोन्ही धन असून xy > 1 असेल तर उत्तरात π मिळवावा लागतो. पुस्तकात ही अट फॉर्म्युल्याशेजारीच छापलेली असते, पण वहीत उतरवताना तीच गळते. तू अट आधी लिही, फॉर्म्युला नंतर.

दुसरं उदाहरण, sin⁻¹(sin 5). उत्तर 5 नाही. sin⁻¹ कधीही −π/2 ते π/2 च्या बाहेरचं उत्तर देत नाही, आणि 5 रेडियन म्हणजे साधारण 286°. ज्याचा साइन तोच आहे पण जो या पट्ट्यात बसतो असा कोन शोधायचा. 5 मधून 2π वजा केलं की −1.28 च्या आसपास येतं, ते पट्ट्यात बसतं, म्हणून उत्तर 5 − 2π. आता cos⁻¹(cos 5) बघ. इथे रेंज 0 ते π आहे, 5 − 2π ऋण आहे, म्हणून चालणार नाही. कोसाइनला चिन्हाने फरक पडत नाही, तेव्हा 2π − 5 घ्यायचं. दोन्हीकडे कोन एकच, पण रेंज बदलली की उत्तर बदललं. sin⁻¹, cos⁻¹, tan⁻¹ या तिघांची रेंज आणि त्यांचे ग्राफ डोळे मिटून काढता येईपर्यंत काढ. इनव्हर्समधल्या बऱ्याच प्रश्नांत शेवटी हेच तपासलेलं असतं.

समीकरणांतही तेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. sin x + cos x = 1 ला 0 ते 2π मध्ये, दोन्ही टोकं धरून, किती उत्तरं? सरळ वर्ग केलास तर sin 2x = 0 मिळतं आणि पाच उत्तरं निघतात: 0, π/2, π, 3π/2, 2π. ती मूळ समीकरणात टाकून बघ. π ला डावीकडे −1 येतं, 3π/2 लाही −1. वर्ग केल्यावर 1 आणि −1 सारखेच दिसतात, म्हणून ही दोन आगंतुक आत शिरली. खरी उत्तरं तीन. वर्ग न करता दोन्ही बाजूंना √2 ने भाग, म्हणजे cos(x − π/4) = 1/√2 येईल. मग x − π/4 = 2nπ ± π/4, आणि तीच तीन उत्तरं सरळ हातात येतात, तपासत बसायला लागत नाही.

याच्या उलटही होतं. sin 2x = sin x मध्ये दोन्हीकडचा sin x काटलास तर cos x = 1/2 उरतं, π/3 आणि 5π/3 मिळतात, आणि sin x = 0 ची तीन उत्तरं, 0, π, 2π, गायब होतात. तेव्हा काटायचं नाही, एका बाजूला घेऊन कॉमन काढायचा. जेईई मेनच्या 2024 पासूनच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमितीय समीकरणांचा स्वतंत्र उल्लेख नाही, उंची-अंतरही गेलंय. पण उंची-अंतर सोडलंस तसं समीकरणं सोडू नकोस. सीईटीला बारावीच्या ‘त्रिकोणमितीय फलने’ या प्रकरणात जनरल सोल्युशन आहेच, आणि मॅक्सिमा-मिनिमात f′(x) = 0 सोडवताना तुला हेच करावं लागणार आहे.

फॉर्म्युले कॅल्क्युलससोबत कर म्हटलं, त्याचं कारण सीईटीचा वेळ. गणिताचे 50 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. त्यात tan⁻¹(cos x/(1 + sin x)) चं डेरिव्हेटिव्ह आलं आणि तू भागाकाराचा नियम लावलास, तर अर्धं पान भरेल. अर्ध्या कोनात लिहिलंस तर कंसातलं tan(π/4 − x/2) होतं आणि उत्तर −1/2, एका ओळीत. तू विचारशील की इथे रेंज का नाही बघितली. tan⁻¹(tan θ) रेंजच्या बाहेर गेलं तरी θ पासून π च्या पटीनेच सरकतं, आणि स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून इथे चालून जातं. डेफिनिट इंटिग्रलमध्ये मात्र नाही चालत, तिथे ती सरकलेली π उत्तरात येते. cos 2x ची तिन्ही रूपं, गुणाकाराची बेरीज करणारे फॉर्म्युले आणि 1 ± sin x चं अर्ध्या कोनात रूपांतर, एवढं इंटिग्रेशनमध्ये रोज लागतं. sin 18° वगैरे एकदा काढून बघ, पाठ करू नकोस.

त्रिकोणाच्या नियमांत कोसाइन रूलला जास्त वेळ दे. (a + b + c)(b + c − a) = 3bc दिलं असेल तर डावीकडे (b + c)² − a² होतं, मग b² + c² − a² = bc, म्हणजे cos A = 1/2 आणि A = 60°. असले प्रश्न ओळखीचे झाले की मिनिटाच्या आत सुटतात. साइन रूलने कोन काढताना तेवढं जपून राहा, कारण sin 30° आणि sin 150° सारखेच. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन येतोय ना, ते बघूनच खूण कर. प्रोजेक्शन रूल आकृती काढून एकदा समजून घे. नेपियरची ॲनालॉजी सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.