मंग पंप दुसऱ्याले देला का?

आर्वीजवळच्या आमच्या कृषी अवजारांच्या दुकानात फोनवर ऑर्डर घेऊन पैशाची लिंक एसएमएसने पाठवायचं काम माझं. मंगळवारी दुपारी एका काकांचा मेसेज आला, 'लिंक उघडत नाही.' बॅटरीवरचा फवारणी पंप, ६,८०० रुपये. दुकानातल्या पोराने ठरलेलं उत्तर चिकटवलं: 'आपल्या पेमेंट लिंकची वैधता समाप्त झाली आहे. नवीन लिंककरिता विनंती करावी.'

पाच मिनिटांत काकांचा फोन. "ताई, मुदत सरली म्हणता, मंग पंप दुसऱ्याले देला का?"

चूक त्यांची नव्हती. 'वैधता समाप्त' वाचून माणसाला आधी पैसे आणि मालच आठवतो. विनंती कोणाला आणि कशी करायची, तेही त्यात नव्हतंच.

मी पॅनल उघडलं. सोमवारी ११ वाजता लिंक बनवलेली, मुदत २४ तास. भाव आणि माल तेवढाच वेळ धरून ठेवतो म्हणून ती मुदत आम्हीच टाकतो, आणि एकदा संपली की तीच लिंक पुन्हा चालू होत नाही, नवीनच बनवावी लागते. पण खाली दोन फसलेले प्रयत्न दिसले, सोमवारी तीन आणि सहा वाजताचे. म्हणजे मुदत संपायच्या आधीच काकांचं काहीतरी अडलं होतं.

"काका, पैसे कटले का?"

"नाही बाप्पा. कालच पोरानं नवा मोबाईल घेऊन देला, दोनक वाजता यूपीआय चालू केलं."

तिथेच घोळ होता. नव्या मोबाईलवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. लगेच नवीन लिंक दिली असती तर तीही फसली असती. मग उत्तर नव्याने लिहिलं:

'नमस्कार काका. तुमचा पंप आमच्याकडे ठेवलेला आहे, भाव तोच. लिंक २४ तासच चालते, म्हणून जुनी बंद झाली. तुमचे पैसे कटलेले नाहीत. नव्या मोबाईलमुळे आज दोनपर्यंत मोठी रक्कम जाणार नाही. चार वाजता याच नंबरवर "लिंक" एवढंच लिहून पाठवा, मी नवीन लिंक पाठवते, ती उद्या चारपर्यंत चालेल. जुना एसएमएस पुसून टाका. ओटीपी किंवा पिन आम्ही विचारत नाही, कोणी विचारला तर सांगू नका.'

पैसे कटले असते तर मजकूर वेगळा लिहिला असता: पुन्हा भरू नका, आमच्याकडे पोचले नसतील तर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत येतात. दोन्ही एकाच मेसेजात कोंबायचं मी टाळते, कारण घाबरलेला माणूस नेमकी न लागणारी ओळ वाचतो.

चारला पाच कमी असताना 'लिक' आलं. चार-वीसला पॅनलवर Paid दिसलं, आणि लगोलग फोन: "ताई, पंपासंग चार्जर येते ना?"