शौचाचा रकाना

गुरुवारी सकाळी साडेसातला काकूंच्या सुनेचा फोन आला. "सिस्टर, पिशव्या अडीच टक्क्यांच्या लावल्या, तरी पाणी कमीच निघतंय. आता सव्वाचार टक्क्यांची लावू का?"

"थांबा. आधी वहीच्या पानाचा फोटो पाठवा."

काकू घरीच पोटाचं डायलिसिस करतात. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं साखरेचं पाणी भरायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं, की एक एक्सचेंज झालं. पिशवीचे टक्के म्हणजे त्यातली साखर; ती जितकी जास्त, तितकं अंगातलं जास्त पाणी पोटात ओढलं जातं आणि बाहेर निघतं. दिवसातून चार एक्सचेंज, दर वेळी दोन लिटर, म्हणजे दिवसभरात 8000 मिली आत जातं. सून शाळेच्या वहीत नीट लिहिते. पाणी काढणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं, पिशवी किती टक्क्यांची, किती निघालं, पाण्यातून छापील अक्षर वाचता येतं का, आणि सकाळचं पाणी काढल्यावर, नवं भरण्याआधी केलेलं वजन.

सोमवारी 8700 निघालं होतं, मंगळवारी 8150, आणि बुधवारी अडीच टक्के लावूनही 7600. वजन मंगळवारी 52.4 होतं, ते गुरुवारी 54 वर गेलं. पाणी स्वच्छ होतं. गढूळ असतं तर संसर्गाच्या शंकेनं मी ताबडतोब बोलावलं असतं, ती पिशवी फेकू नका म्हणून बजावून.

मी मात्र वेळांपाशी थबकले. एरवी वीस मिनिटांत रिकामं होणारं पोट आता पन्नास मिनिटं घेत होतं. पोटाच्या पडद्यातून पाणी ओढलं जात नसेल, तर निघणं कमी होतं, पण भरलेलं पाणी रोजच्याच वेगानं बाहेर येतं. इथे पाणी येतच अडखळत होतं. म्हणजे अडचण नळीत होती. अशा वेळी जास्त टक्क्यांची पिशवी अंगातलं आणखी पाणी पोटात ओढते आणि ते तिथंच साचतं.

"पायाला सूज आहे का?"

"नाही. पण पोट गच्च झालंय म्हणतात. कूस बदलली की थोडं येतं."

"शौचाला कधी झाली होती?"

ती गप्प झाली. मागून काकूंचाच आवाज आला, "शनिवारी."

पाच दिवस! भरलेलं आतडं नळीला दाबतं, जागेवरून ढकलतंही. डॉक्टरांना कळवून नवं पाणी भरणं थांबवलं आणि काकूंना दवाखान्यात आणलं. एक्स-रेत ओटीपोटात असायला हवं ते नळीचं टोक वर सरकलेलं दिसलं. डॉक्टरांनी रेचक दिलं. संध्याकाळी पोट साफ झालं आणि रात्री पिशवी काट्याला लावली, तर 1700 मिली निघालं होतं, तेही नवं काही न भरता. काकू म्हणाल्या, "आता श्वास मोकळा झाला गं."

शनिवारी पुन्हा एक्स-रे काढला, टोक खाली आलं होतं. पिशव्या परत दीड टक्क्यांच्या झाल्या. सुनेच्या वहीत मी पट्टीनं आणखी एक रकाना आखून दिला, शौचाचा. नव्या पेशंटच्या वहीत तो आता पहिल्या दिवसापासून आखते.