शंभराचे एकशे तेहेतीस

जेवायला आलो होतो, पण पदार्थ यायला वेळ होता. समोर मेन्यूकार्ड, हातात मोबाईल. उगाच त्याच हॉटेलचं पान ॲपवर उघडलं आणि माझा नेहमीचा पदार्थ शोधला. कार्डावर जे 100 होते, ते ॲपवर 125. वर हिरव्या अक्षरांत 20 टक्के सूट, म्हणजे पुन्हा 100. ज्या आकड्यावर काट मारली होती, तो आकडा या हॉटेलात कोणी कधी दिलाच नव्हता. तरीही ‘तुमचे 25 वाचले’ वाचून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे गेलो तर डब्याचे 8, पोहोचवण्याचे 20, प्लॅटफॉर्म फीचे 5. झाले 133. कर दोन्हीकडे लागतोच, म्हणून तो धरला नाही.

मग दोन प्लेट टाकून पाहिल्या. पोहोचवणं आणि प्लॅटफॉर्म फी ऑर्डरमागे एकदाच, ती वाटली गेली. डबे मात्र प्रत्येक प्लेटमागे, त्यामुळे 8 चे 16 झाले. दोन्ही मिळून 241, म्हणजे प्लेट साडेएकशेवीसला. एकट्या माणसाला भूक महाग पडते ती अशी.

गल्ल्यावरच्या मालकांना विचारलं, “काका, 25 कशाचे?”

“ॲपवाल्यांचं कमिशन 20 टक्के. आधी मीही भाव 120 च केला होता. पण ते 120 वर 20 टक्के कापतात, 24. हातात उरले 96. शंभर हवेत तर 125 लावावेच लागतात.”

टक्केवारीची ही खोच शाळेत कळली नव्हती, गल्ल्याशी कळली. “आणि ती सूट?”

“ती कधी ते सोसतात, कधी मी, कधी निम्मी-निम्मी. मी सोसली, की शंभरावरचं कमिशन जाऊन 80 हातात.”

मला वाटलं होतं, दोन्हीकडे एकच भाव ठेवणारी हॉटेलं जास्त सरळ. आता शंका येते. कमिशन तर त्यांनाही द्यावंच लागतं. ते सोसायचं नसेल तर कार्डावरचाच भाव चढतो, आणि टेबलावर बसून खाणाराही घरी मागवणाऱ्याचा थोडा खर्च उचलतो. कुठे प्लेटच लहान होते. म्हणून नुसता भाव ताडून भागत नाही, तुकडे मोजावे लागतात. ॲपवरच्या फोटोत ते मोजता येत नाहीत.

या हिशेबात पदार्थ येऊन निवलासुद्धा. निम्मा उरला. काकांना म्हटलं, उरलेलं बांधून द्या. त्यांनी दिलं, आणि बिलात खाली लिहिलं: डबा, 8.