कांद्याचा पापुद्रा अन् वहीतला खोटा ठिपका

शनिवार, रात्रीचे साडेनऊ

बुधवारी आठवीला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवायचा आहे. मागच्या वर्षी घाईघाईत उरकला होता अन् वह्या तपासताना डोक्याला हात लावला, कारण जवळपास सगळ्यांची आकृती सारखीच होती, पुस्तकातली. एकसारख्या विटा रचल्यासारख्या पेशी अन् प्रत्येकीच्या बरोब्बर मधोमध एक ठिपका. म्हणजे पोट्टे नळीतून बघून आले, हो मॅडम दिसलं म्हणाले अन् बाकावर जाऊन पुस्तक उघडून बसले. एका पोरीने मात्र खरंच जे दिसलं ते काढलं होतं, मोठा गोल अन् त्याला जाड काळी कडा, आणि नाव दिलं होतं केंद्रक. तो हवेचा बुडबुडा होता. तिला मी लाल पेनने चूक दिली, ते अजून खटकते, कारण पूर्ण वर्गात खरं बघून काढणारी ती एकटीच होती.

म्हणून आज शाळा सुटल्यावर थांबले अन् स्वतः सगळं करून पाह्यलं. पेशी रंगवायच्या सफ्रानिनची बाटली उघडली तर तळाला नुसता वाळलेला चुरा. गावातल्या मेडिकलमधून टिंचर आयोडीन आणलं, एका थेंबाला चार-पाच थेंब पाणी टाकून फिकट चहासारखं केलं, काम झालं.

पापुद्रा काढायची माझी जुनी पद्धत चुकीची होती हे आज कळलं. मी चिमट्याने ओरबाडत होते, मग जाड थर यायचा अन् खाली नुसता अंधार. कांद्याच्या जाड पाकळीचा तुकडा घ्यायचा, आतली खोलगट बाजू आपल्याकडे ठेवून मागे वाकवून कट्कन मोडायचा, की आतल्या बाजूने ओल्या प्लॅस्टिकसारखी पातळ झिल्ली लोंबते, ती हळूच ओढायची अन् लगेच वाटीतल्या पाण्यात टाकायची. हवेत ठेवली की मिनिटभरात गुंडाळी होते आणि गुंडाळी झालेला तुकडा काचपट्टीवर टाकला की दोन थर एकावर एक, मग पेशींच्या रेघा एकमेकींना कापताना दिसतात अन् पोरं जाळी काढून मोकळी होतात. नखाएवढा चौकोन पुरे. तो काचपट्टीवर आयोडीनच्या थेंबात पसरवायचा, दोन मिनिटं थांबायचं, वरून आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू आडवी करायची. धप्पकन टाकली की बुडबुडे ठरलेलेच.

बुडबुडा यावर्षी मी मुद्दाम एका पट्टीवर ठेवणार आहे, आधी तोच दाखवायचा. त्याची कडा जाड काळी अन् एकदम गोल असते, तो तीन-चार पेशींवर एकदम बसलेला असतो, काच सुईने जराशी दाबली की हलतो नाहीतर आकार बदलतो. केंद्रक हलत नाही, ते एकाच पेशीच्या आत असतं, आयोडीनने पिवळट तपकिरी झालेलं, कडेला सरकलेलं. काही पेशींत मधोमध दिसतं खरं, पण ते आपल्याकडच्या भिंतीला चिकटलेलं असतं म्हणून वरून मध्यभागी वाटते. मधली सगळी जागा रिक्तिकेने खाल्लेली, बिचारं केंद्रक जाईल कुठं.

आता अडचण पेशीपटलाची. दरवर्षी आपण नाव द्यायला लावतो, अन् ह्या पट्टीवर ते वेगळं दिसतच नाही. पेशीभित्तिकेला इतकं चिकटून असते की आपल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दोघांची मिळून एकच जाड रेघ दिसते. मग पोरं पुस्तकातून दुसरी रेघ काढणार नाहीतर काय करणार? म्हणून दुसरी पट्टी ठरवली. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, फुगीर बाजू, जिथे रंग असतो ती साल, अन् तिला आयोडीन लावायचं नाही, नुसतं पाणी. आयोडीनने पेशी मरते आणि मेलेली पेशी पुढचा खेळ करत नाही. बघितलं तर प्रत्येक पेशी गुलाबी-जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली, तो रंग रिक्तिकेत असतो, म्हणजे रिक्तिका केवढी मोठी ते न सांगता कळते. मग अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या एका कडेला सोडला अन् दुसऱ्या कडेने टिपकागद लावून ओढून घेतला. पाच मिनिटांत रंग भित्तिकेपासून सुटून आत गोळा व्हायला लागला, भिंत मात्र जागच्या जागी. त्या गुलाबी गोळ्याची कडा, तेच पेशीपटल. मी एकटीच 'अगं बाई' म्हणाले, शिपाईभाऊ दारातून डोकावून गेले.

पहिल्या आकृतीत मग चारच नावं, पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, रिक्तिका. पेशीपटल दुसऱ्या आकृतीत. अन् हरितलवक कुणी काढलं तर विचारायचं, कांदा मातीत वाढतो, त्याला कुठं ऊन लागते?

चित्र काढायचा क्रमही बदलते आहे. पुस्तक दप्तरात. नळीतून बघायचं, एकमेकींना लागून असलेल्या तीनच पेशी निवडायच्या, पूर्ण गोल भरायचा नाही. पेन्सिलने सलग एक रेघ, छायांकन नाही. भित्तिकेला जाडी दिसते म्हणून तिच्या दोन रेघा. मग परत जाऊन बघायचं, केंद्रक कोणत्या बाजूला आहे ते त्याच तीन पेशींत तपासायचं, तेव्हाच ते काढायचं. नावं सगळ्यात शेवटी, उजव्या बाजूला एकाखाली एक, पट्टीने आडव्या रेघा, रेघ त्या भागाला टेकली पाहिजे, एकमेकीला छेदू नये, टोकाला बाण नको.

खाली सगळे 100 पट लिहितात, ते आकृतीचं नसतं, नळीचं असते (10 गुणिले 10). आज मी प्लॅस्टिकची पारदर्शक मोजपट्टी भिंगाखाली ठेवली, दिसणारा गोल साधारण 1.8 मिलिमीटर निघाला, त्यात लांबीने सहा पेशी मावल्या, म्हणजे एक पेशी 0.3 मिलिमीटर. वहीत ती 6 सेंटिमीटर काढली तर 60 भागिले 0.3, आकृती 200 पट. हे गणित पोरांना झेपते, बोर्डावर एकदा करून दाखवीन.

वेळेचं गणितच बसत नव्हतं. 34 पोरं, दोन तास जोडून 70 मिनिटं, एका सूक्ष्मदर्शकावर प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर 68 तिथंच संपतात, मग परत बघायला कधी जाणार. दुसऱ्याच्या भिंगावर बुरशी आहे पण 10 च्या भिंगाने चालते, तोही काढला. लाईटचा भरवसा नाही, दोन्ही आरशावरच चालवायचे, व्हरांड्याच्या खिडकीपाशी, सूर्याकडे आरसा वळवायचा नाही म्हणून आधीच दम देणार. अन् नळी खाली नेताना बाजूने बघायचं, वर आणताना आतून, नाहीतर काचा फुटतात. सहाच उरल्या आहेत.

सध्या कापूस वेचणी सुरू आहे, बुधवारी किती येतील काय माहीत. 25 आले तरी परत बघायला वेळ निघेल.

सासूबाईंना सांगून तीन लाल कांदे बाजूला ठेवले, त्यांनी विचारलं, शाळेत भाजी करता का वं?