'चोरी' हा शब्द मी दोनदा खोडला

सुपरवायझरचा अहवाल सकाळी टेबलावर आला तेव्हा त्यात निकालच लागलेला होता: 'सदर कामगाराने कंपनीची तांब्याची वायर चोरली असून तो नेहमीच असे प्रकार करत असतो. कडक कारवाई व्हावी.' प्लांट मॅनेजरांचा फोन त्याच्या मागोमाग आला. "आज संध्याकाळपर्यंत नोटीस गेली पाहिजे. साधी भाषा ठेवा, चोरी ती चोरी."

कारणे दाखवा नोटीस म्हणजे छापील फॉर्मात नाव भरून दिलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की समोरचा वकील सर्वांत आधी हाच कागद वाचतो. मनात आधीच निर्णय ठेवून काढलेली नोटीस ही नोटीसच नव्हे, अशा आशयाचं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ओरिक्स फिशरीजच्या निकालात म्हटलं आहे. मॅनेजरांना हे मी तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा त्यांनी 'बरं बरं' म्हटलं.

मी पहिलं वाक्य लिहिलं: 'आपण दि. 14 रोजी रात्री कंपनीची तांब्याची वायर बाहेर नेली.' मग अहवाल बाजूला ठेवून सिक्युरिटीचा पंचनामा वाचला आणि हात थांबला. वायर बाहेर गेलीच नव्हती. रात्री 10:40 ला गेटवर पिशवी तपासली, वायर तिथेच निघाली, पिशवी ठेवून घेतली. म्हणजे 'बाहेर नेली' हे पहिलंच क्रियापद खोटं होतं. सही करून पाठवलं असतं, तर उत्तरात 'मी काहीही बाहेर नेलेले नाही' हे एक खरं वाक्य लिहून तो सुटला असता.

दुसरी भानगड वजनाची. पंचनाम्यात 'अंदाजे चार ते पाच किलो' लिहिलेलं, तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता स्टोअरच्या काट्यावर वजन 4.2 किलो भरलं. मधल्या बारा तासांत पिशवी सीलबंद नव्हती. सिक्युरिटीला या एका गोष्टीसाठी मी किती परिपत्रकं काढली असतील! 4.2 किलो हा आकडा नुसता ठोकून दिला असता तर तो माझ्याच अंगावर आला असता. म्हणून दोन्ही नोंदी जशा होत्या तशाच मांडल्या, कोणत्या कागदातल्या ते सांगून.

खरी ओढाताण 'चोरी'वर झाली. तो शब्द काढून टाकून फक्त 'गेटपासशिवाय माल नेण्याचा प्रयत्न' एवढंच लिहिलं, तर पुढे चौकशीत चोरीचा ठपका ठेवता येत नाही, कारण जे विचारलंच नाही त्याची शिक्षा देता येत नाही. ठेवला, तर मी आधीच ठरवून बसलोय असं दिसतं. दोनदा खोडून शेवटी तो घटनेच्या वाक्यातून उचलला आणि कलमाच्या वाक्यात ठेवला:

'सुरक्षा विभागाच्या पंचनाम्यानुसार, दि. 14 रोजी रात्री 10:40 वाजता मुख्य गेटवर आपल्या पिशवीत तांब्याच्या वायरचे तुकडे आढळले. त्याबाबतचा गेटपास आपण दाखवला नाही, असे त्यात नमूद आहे. हे सिद्ध झाल्यास ते स्थायी आदेशांतील चोरी वा अप्रामाणिकपणा या गैरवर्तनात मोडू शकते.'

'नेहमीच असे प्रकार' हे वाक्य गेलं, कारण एकाही आधीच्या प्रकाराची तारीख कुणाकडे नव्हती. शेवटी मॅनेजरांना 'आपणास बडतर्फ का करू नये' हवं होतं. मी 'शिस्तभंगाची कारवाई का करू नये' ठेवलं. शिक्षा कोणती ते चौकशीनंतर. पंचनाम्याची प्रत जोडली आणि खुलाशाला 72 तास दिले. "एवढं मऊ?" मॅनेजर म्हणाले. मऊ कुठलं? तारीख, वेळ, जागा, वस्तू, कोण म्हणतं ते, सगळं होतं. शिव्या तेवढ्या नव्हत्या.

नोटीस कामगाराने माझ्यासमोर उभ्यानेच वाचली, पंचनाम्याच्या ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाला, "हे बरोबर आहे, साहेब. पिशवीत वायर होती." आणि सही करून गेला.

खुलासा दुसऱ्या दिवशीच आला, वहीच्या पानावर, तीन ओळींचा. वायर होती, गेटपास नव्हता. भंगारातले तुकडे घेऊन जा असं सुपरवायझर साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, याआधीही सांगत असत.

सुपरवायझर म्हणजे तोच, अहवाल लिहिणारा. 'नेहमीच असे प्रकार' हे शब्द त्याचेच. ते मी पुराव्याअभावी काढले होते, आणि आता ते त्याला कुठून माहीत होते, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. की कामगाराने सुटकेसाठी नाव घेतलं? दोन्ही शक्य आहे.

संध्याकाळी दुसरी नोटीस लिहायला बसलो. 'आपण दिलेल्या तोंडी परवानगीने' असं टाइप झालं. खोडलं. 'आपण तोंडी परवानगी दिली, असे संबंधित कामगाराच्या खुलाशात नमूद आहे.'