पायरीखालचा तानपुरा

"दादा, वर्षभर तुम्ही लोकांच्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढत बसता, आणि फाइल देताना शेवटी स्वतःच्या हातानं खरखर घालता. ही डिदरची भानगड नक्की काय आहे?"

माझी एक चूक सांगतो, त्यातूनच उत्तर निघेल. काही वर्षांपूर्वी एका घरगुती मैफलीचं रेकॉर्डिंग सीडीसाठी माझ्याकडे आलं. रेकॉर्डिंग २४ बिटचं, सीडी १६ बिटची. सगळं काम करून, डिदर घालून मी १६ बिटची फाइल तयार केली. नंतर लक्षात आलं की शेवटचा तानपुरा टाळ्यांआधी जरा घाईनं संपतोय. पुन्हा मूळ प्रोजेक्ट कोण उघडणार, म्हणून त्या १६ बिटच्या फाइलवरच सीडी बनवायच्या प्रोग्राममध्ये लांब फेडआउट मारला आणि मोकळा झालो. चार दिवसांनी गायकांच्या मुलाचा फोन आला. शेवटचा तानपुरा हेडफोनवर आवाज वाढवून ऐकला, तर विरता विरता तो पत्र्यासारखा फाटतो आणि मग कोणीतरी बटण दाबल्यासारखा बंद होतो. मी ऐकलं. तो म्हणत होता तसंच होतं.

आता हे का झालं ते बघू. १६ बिटमध्ये आवाजाच्या लहरीची उंची लिहायला ६५,५३६ पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहायची सोय नाही. प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे लहरीच्या एका क्षणाच्या मोजमापाला, जवळच्या पायरीवर ढकललं जातं, यालाच क्वांटायझेशन म्हणतात. आवाज मोठा असताना तो एका झोक्यात हजारो पायऱ्या चढतो-उतरतो. तिथे अर्ध्या पायरीची चूक इकडची तिकडे होत राहते, तिला काही वळण नसतं, आणि कानाला ती हलक्या खरखरीसारखीच वाटते. भानगड होते ती आवाज एक-दोन पायऱ्यांएवढा उरतो तेव्हा.

समजा एकच शुद्ध सूर आहे, १००० हर्ट्झचा, आणि त्याची लहर शून्याच्या वरखाली ०.७ पायरी एवढीच जाते. लहर अर्ध्या पायरीच्या वर गेली की फाइलमध्ये १ लिहिला जातो, खाली गेली की उणे १, आणि मधल्या पट्ट्यात असेल तोवर शून्य. हिशेब केला तर चक्राचा पाव भाग १, पाव भाग उणे १ आणि उरलेला अर्धा शून्य. म्हणजे गोल लहरीचा तुम्ही चौकोनी ठोकळा केलात. अशा ठोकळ्यात मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर आपोआप येतात, आणि ते थोडेथोडके नसतात. तिप्पटीचा सूर मूळच्या एक तृतीयांश, पाचपटीचा एक पंचमांश. मूळ सूर सा धरला तर पुढच्या सप्तकातला प आणि त्याच्याही वरच्या सप्तकातला ग कोणी न गाता वाजायला लागतात.

एवढ्यावर भागत नाही. हे ठोकळे सॅम्पल घेऊन झाल्यावर तयार झालेले असतात, त्यामुळे वरचे सूर अडवणारा फिल्टर मागेच राहिलेला असतो. सीडीचा सॅम्पल रेट सेकंदाला ४४,१०० आहे, म्हणून २२,०५० हर्ट्झच्या वरचं जे काही जन्मतं ते घडी पडून खाली येतं. १००० हर्ट्झची त्रेचाळीस पट ४३,००० हर्ट्झ. ती ४४,१०० मधून वजा होऊन ११०० हर्ट्झवर उतरते, आणि पंचेचाळीस पट ९०० हर्ट्झवर. मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले हे बारीक बेसूर. तारेतून येणाऱ्या स्वरांशांशी यांचं काही नातं नाही, म्हणून कानाला ते गोड लागत नाहीत, किरकिरतात. तानपुऱ्यात एकाच वेळी अनेक स्वरांश असतात, तेव्हा ते एकमेकांत मिसळून अजूनच चोथा होतो.

आणि आवाज आणखी उतरून अर्ध्या पायरीच्या आत आला की? सगळी सॅम्पलं शून्य. विरणं नाही, ओसरणं नाही, थेट अंधार. ऐकणाऱ्याला ऐकू आलेलं "बटण" ते हेच.

म्हणजे चूक केवढी आहे हा खरा दोष नाही. चूक सुराच्या तालावर नाचते, हा दोष आहे. लहर जिथे जिथे त्याच उंचीवर येते, तिथे दर वेळी तीच चूक, त्याच बाजूला. जी चूक ठरावीक वेळानं परत येते ती सूर होऊन ऐकू येते. ही लय मोडायची तर ढकलायच्या आधीच त्यात नशिबाचा खेळ आणावा लागतो.

दूधवाल्याचं उदाहरण घेतो. पिशवी १० रुपये ३० पैशांना आहे आणि सुटे कोणाकडेच नाहीत. जवळच्या रुपयाचा नियम लावला तर तुम्ही रोज १० देणार, आणि बिचाऱ्याचे ३० पैसे रोज बुडणार. त्याऐवजी डब्यात दहा चिठ्ठ्या ठेवा, तिनांवर ११ आणि सातांवर १०. रोज एक काढा, तेवढे द्या, चिठ्ठी परत टाका. कुठल्याही एका दिवसाचा हिशेब चुकेलच, पण वर्षअखेर सरासरी १०.३० च्या जवळ येईल. पैसे गेले नाहीत, फक्त चूक विस्कटली.

डिदर म्हणजे त्या चिठ्ठ्या. ०.३ पायरी उंचीचं सॅम्पल नुसतं ढकललं तर कायम शून्य. ढकलण्याआधी त्यात उणे अर्धा ते अधिक अर्धा यांमधला कुठलाही यादृच्छिक आकडा मिसळला, तर बेरीज अर्ध्याच्या वर जायला तो आकडा ०.२ हून मोठा हवा. ते शंभरात तीस वेळा घडतं. तीस वेळा १, सत्तर वेळा ०, सरासरी बरोब्बर ०.३. पायरीपेक्षा लहान उंची आता एका सॅम्पलमध्ये दिसत नाही, पण ती १ आणि ० किती दाट-विरळ येतात त्यात नोंदली जाते.

पण एवढ्या साध्या डिदरमध्ये एक खोट राहते. सॅम्पल नेमकं पायरीवर असलं तर खरखर शून्य, दोन पायऱ्यांच्या मधोमध असलं तर सगळ्यात जास्त. सुराबरोबर खरखर श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होते. बेसूर नाहीसे झाले, पण त्यांची सावली उरली. म्हणून आम्ही असे दोन स्वतंत्र आकडे घेऊन त्यांची बेरीज मिसळतो. दोन फासे टाकले की ७ वारंवार पडतो आणि २ किंवा १२ क्वचित, तसं या बेरजेचं वाटप त्रिकोणी होतं, उणे एक ते अधिक एक पायरी. पुन्हा ०.३ घ्या. आता १ येण्याची शक्यता ०.३२, आणि उणे १ येण्याची ०.०२. सरासरी तीच, ०.३. पण पसारा, ज्याला गणितात विचरण म्हणतात, तो ०.२५ येतो. सॅम्पल ० असो वा ०.५, पसारा ०.२५ च. खरखर जागची हलत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८० च्या दशकात ऑडिओसाठी हे नीट मांडलं, तेव्हापासून त्रिकोणी डिदर हीच आमची वहिवाट. मुळात ही युक्ती चित्रांसाठी निघाली, १९६० च्या सुमारास, रॉबर्ट्स नावाच्या संशोधकाकडून.

किंमत मोजावी लागतेच. गणितानं १६ बिटची खरखर पूर्ण आवाजाच्या सुमारे ९८ डेसिबल खाली असते, त्रिकोणी डिदरनं ती ९३ वर येते. पाच डेसिबल गेले. पण कान सगळी खरखर एकत्र मोजत नाही. तो आवाजाचे अरुंद पट्टे पाडून ऐकतो, आणि १००० हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात २२,००० हर्ट्झवर पसरलेल्या खरखरीचा शंभरावा हिस्साही येत नाही. म्हणून एकूण खरखरीपेक्षा बारीक असलेला सूरही तिच्यातून ऐकू येतो, पावसाच्या आवाजातून शेजारच्यांचा रेडिओ ऐकू यावा तसा.

"मग ढकलून झाल्यावर वरून खरखर ओतली तर?" हेही विचारतात. काही उपयोग नाही. तोवर ठोकळा झालेला असतो. वरची खरखर बेसुरांवर फक्त चादर घालते, खालचे सूर जिथल्या तिथे.

स्वतः ऐकायचं असेल तर सॉक्स नावाचा फुकट प्रोग्राम पुरे. तो बिट कमी करताना आपणहून डिदर घालतो, `-D` दिलं की घालत नाही.

```
sox -n -r 44100 -b 32 t.wav synth 10 sine 1000 vol -93.4dB
sox -D t.wav -b 16 sadha.wav
sox t.wav -b 16 dither.wav dither
play sadha.wav gain 60
play dither.wav gain 60
```

उणे ९३.४ डेसिबल म्हणजे आपली ०.७ पायरी. पहिल्या, sadha.wav फाइलमध्ये शिट्टीऐवजी भोंगा ऐकू येईल, दुसरीत, dither.wav मध्ये, खरखर आणि तिच्यात शांत शिट्टी. मग -93.4 च्या जागी -98.3 घाला, म्हणजे ०.४ पायरी. पहिली फाइल ठार मुकी होईल, दुसरीत शिट्टी अजून असेल.

इथे जुन्या टेपवाल्यांचा एक मुद्दा असतो, आणि तो खराही आहे: टेपची किंवा हॉलमधल्या पंख्यांची खरखर पायरीपेक्षा कितीतरी मोठी असते, ती फुकटचा डिदरच आहे. फक्त फेडआउटमध्ये ती खरखरसुद्धा सुरांबरोबर खाली जाते. माझं नेमकं तेच झालं. मी आधी घातलेला डिदर फेडबरोबर विरला, प्रोग्रामनं फेडनंतरचा निकाल पुन्हा १६ बिटमध्ये ढकलला, आणि त्या दुसऱ्या ढकलण्याला डिदर नव्हता. म्हणून क्रम असा: आवाजाची पातळी, फेड, सगळं आधी, आणि डिदर अगदी शेवटी, एकदाच. त्यानंतर फाइलला हात लावला तर मूळ २४ बिटवर परत जायचं.

कान जिथे बोथट असतो अशा वरच्या पट्ट्यात खरखर ढकलणारे डिदरचे प्रकारही आहेत. पुढे फाइलवर काहीच होणार नाही याची खात्री असेल तेव्हाच मी ते वापरतो.

त्या मैफलीचा प्रोजेक्ट मी पुन्हा उघडला, फेड तिथेच मारला आणि नवी सीडी पाठवली. त्या मुलाचा परत फोन. तानपुरा आता छान विरतो म्हणाला, पण टाळ्यांच्या आधीच्या शांततेत काहीतरी 'टक्' बंद झाल्यासारखं होतं. माझ्या डिदरच्या प्रोग्रामला संपूर्ण शांतता आली की स्वतः थांबायची सवय होती. ती बंद करून तिसरी सीडी पाठवली.