तुम्ही विचारलंत म्हणून: कल्टारवरच्या टोमण्याला उत्तर

"मॅडम, हापूसला मोहोर यावा म्हणून घालतात त्या कल्टारवर तुम्ही लेख लिहिलात आणि त्याखाली एकाने तुम्हाला थेट कंपनीची माणूस म्हटलं. तरी तुम्ही इतक्या थंड डोक्याने उत्तर कसं दिलंत?"

राग आला होताच. पण त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं: "ह्यो सगळो कंपनीचो धंदो. कल्टारान माझी चार कलमां सुकली. तू काय शिकवतंस?" यात तीन गोष्टी आहेत. पहिली आरोप, तिसरी हिणवणं आणि मधली बातमी. चार कलमं सुकली, हे ज्याच्या बागेत घडलं त्याला ते खोटं कशाला सांगावंसं वाटेल? मला उत्तर द्यायचं होतं ते या मधल्या वाक्याला.

आरोपाला एकच ओळ पुरते. मी कुठल्याही औषध कंपनीकडून पैसे घेत नाही, असं लिहिलं आणि पुढे गेले. घेत असते तर तेही तिथेच लिहायला हवं होतं. त्याहून जास्त बोललं की वाचणाऱ्याचं लक्ष कलमांवरून माझ्यावर येतं. हिणवण्याला काहीच लिहिलं नाही. "मी अमुक वर्षं या क्षेत्रात आहे" हे वाक्य तर मुद्दाम टाळलं, कारण त्याने समोरच्याचं झाड बरं होत नाही, उलट तो जास्त चिडतो. "कृपया लेख नीट वाचावा" हेही तसंच, सभ्य शब्दांतली चपराकच.

मग त्यांच्या बोलण्यात खरं काय, ते आधी मान्य केलं. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, झाडाची पालवी रोखून मोहोराला वाट करून देतं. ते जमिनीत बराच काळ राहतं. दरवर्षी अंदाजाने ओतत गेलं तर साठत जातं आणि झाडाचं नुकसान होतं. ही भीती पोकळ नाही, आणि मी ती पोकळ म्हटली असती तर माझं पुढचं कुणी वाचलं नसतं.

त्यानंतरच मापाकडे आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटर व्यासाला 3 मिली कल्टार. एखादं कलम पूर्व-पश्चिम 7 मीटर आणि दक्षिणोत्तर 5 मीटर पसरलं असेल तर सरासरी 6, म्हणजे 18 मिली. ते 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25-30 छिद्रं पाडून सारखं वाटायचं. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. कलम 10 वर्षांच्या आतलं असेल तर घालायचंच नाही, आणि त्याहून मोठ्या कलमाला घातलं तर खताचा पूर्ण डोस चुकवायचा नाही.

उत्तराच्या शेवटी प्रश्न विचारले, तेही त्यांना बागेत जाऊन पाहता येतील असे: "काका, एका कलमाला किती घातलंत, आणि ते कलम किती पसरलेलं होतं? मोहोर आखूड, गुच्छासारखा गोळा होऊन येत होता का? नवी पालवी एकाच ठिकाणी दाटून आली होती का? आणि बुंध्यापाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला का?"

मोहोर आखूड आणि पालवी दाटलेली असेल तर माप जास्त झाल्याचा संशय घ्यावा. बुंध्यात भोकं आणि खाली भुसा असेल तर तो खोडकिडा. त्याचा दोष कल्टारवर टाकता येत नाही. कलम नुसतं सुकलंय एवढ्यावरून दोन्हींतलं काहीच ठरत नाही. त्यामुळे "तुमचंच चुकलं असणार" असं मी लिहिलं नाही. मला ते माहीतच नव्हतं.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शब्द तिखटच होते, पण त्यात माप होतं: झाडामागे 60 मिली, दरवर्षी, कुणीतरी सांगितलं म्हणून. विस्तार त्यांनी साधारण 8 मीटर लिहिला होता. 8 गुणिले 3 म्हणजे 24. मी हा हिशोब तेवढाच मांडला, यंदा कल्टार बंद ठेवा म्हटलं आणि उरलेल्या कलमांच्या बुंध्याशी भुसा पडलाय का ते पाहायला सांगितलं. त्यांनी "बघतंय" एवढंच लिहिलं.

तिथे मी थांबले. त्यांच्याकडून माफी किंवा कबुली काढायचा माझा हेतू नव्हता. वाचून गप्प राहणारे बागायतदार बरेच असतात, आणि त्यांच्यातल्या कुणी जुलैत मापटं हातात घेतलं तर त्याला 60 आणि 24 हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसायला हवे होते.

नुसती शिवीगाळ असेल, बागेतली एकही गोष्ट सांगितलेली नसेल, तर मी उत्तर देत नाही. तिथे शांतपणे लिहूनही हाती काही लागत नाही, कारण तपासण्यासारखं त्यात काहीच नसतं.